‘प्राणी’ वगळायला गेलो आणि माणसंच गायब झाली

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी पहिल्यांदा सर्च लावला, तेव्हा विषय होता हळद आणि गुडघ्याचा संधिवात. उंदरांवरचे पेपर नको होते, म्हणून पबमेडमध्ये बिनधास्त लिहिलं:

```
(curcumin OR turmeric) AND osteoarthritis NOT animals[mh]
```

यादी छान आटोपशीर आली. गाइडनी ती पाहून एवढंच विचारलं, "मागच्या आठवड्यात तू वाचलेली ती रुग्णांवरची ट्रायल यात कुठे आहे?" ती नव्हती. तिच्यासारख्या बाकीच्याही बहुतेक नव्हत्या. असं का झालं, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो.

NOT ची कल्पना जॉर्ज बूल यांची. १८५४ च्या ‘लॉज ऑफ थॉट’ या ग्रंथात त्यांनी गटांचं बीजगणित मांडलं. सगळं विश्व म्हणजे १ आणि एखादा गट म्हणजे a, तर ‘a नसलेलं सगळं’ म्हणजे १ − a. गणित अगदी स्वच्छ आहे, पण a या गटात नेमकं कोण कोण येतं, हे काही ते गणित सांगत नाही. ते ठरवतो यादी करणारा माणूस.

वैद्यकीय लेखांच्या बाबतीत हे काम अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं केलं. १९६० पासून तिथे ‘मेश’ नावाची ठरावीक विषयशब्दांची यादी वापरात आली. हे शब्द झाडासारखे रचलेले आहेत. वरचा शब्द शोधला की त्याच्या खालच्या सगळ्या फांद्याही आपोआप शोधल्या जातात. आणि जीवशास्त्राच्या दृष्टीनं अगदी बरोबर, पण आपल्या दृष्टीनं घातक गोष्ट अशी, की Humans ही फांदी Animals च्याच खाली आहे. म्हणजे मी ‘प्राणी नको’ म्हटलं तेव्हा मेशचा शिक्का बसलेले माणसांवरचे पेपरही त्यात गेले. माझ्या यादीत उरले ते मुख्यतः शिक्का न बसलेले.

मग AND humans[mh] लिहिलं तर? तेही फसतं. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला मेश लागत नाही. अगदी नवे पेपर आणि मेडलाइनमध्ये न येणाऱ्या जर्नल्समधले पेपर शिक्क्याशिवायच असतात. ते सगळे निसटतील.

यावरचा तोडगा जुना आहे. १९९४ मध्ये डिकरसिन, शेरर आणि लफेव्र यांनी बीएमजेमध्ये दाखवलं, की मेडलाइनवर नेहमीसारखा सर्च केला तर असलेल्या रँडमाइज्ड ट्रायल्सपैकी सरासरी निम्म्याच्या आसपासच हाती लागतात. त्या कामातून कॉक्रेनची ‘अतिसंवेदनशील’ शोधपद्धती आली. तिच्यात प्राणी वगळायला दुहेरी NOT होता. आज पबमेडमध्ये तो असा लिहितात:

```
NOT (animals[mh] NOT humans[mh])
```

आधी आतला कंस वाचा: प्राण्यांचा शिक्का आहे, पण माणसांचा नाही, असे पेपर. फक्त तेवढेच वगळायचे. बूलच्या भाषेत a(१ − h). आता तीन पेपर डोळ्यांसमोर आणा. उंदरांवरचा पेपर या कंसात सापडतो आणि जातो. रुग्णांवरच्या ट्रायलला माणसांचा शिक्का आहे, ती वाचते. कालच आलेल्या पेपरला कुठलाच शिक्का नाही, म्हणून तो कंसात येतच नाही आणि तोही वाचतो. अर्थात, शिक्का नसलेले उंदरांचे पेपरही यादीत राहतात. ते शीर्षक वाचून हातानं काढायचे. चुकून जास्त पेपर आले तर वेळ जातो, पण चुकून गेलेला पेपर कधी दिसतच नाही.

ही ओळ दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र तशीच चिकटवू नका. वेब ऑफ सायन्सच्या मुख्य संग्रहात मेश नाही. तिथे animals NOT humans लिहिलं तर ते नुसते शब्द शोधतं. ट्रायलच्या सारांशात ‘animals मध्ये असं दिसलं होतं’ असा उल्लेख असेल आणि माणसांसाठी patients हा शब्द असेल, तर ती ट्रायल गेली! तिथे ही ओळ सरळ काढून टाकायची.

आणि तपासायचं कसं? यादीत यायलाच हवेत असे आठ-दहा पेपर आधीच माहीत असतात. त्यांचे पीएमआयडी OR नं जोडून एक वेगळा सर्च करा. समजा हिस्टरीमध्ये तो #1 आणि तुमचा मुख्य सर्च #2 आहे. मग:

```
#1 NOT #2
```

उत्तर शून्य यायला हवं. नाही आलं, तर निसटलेला पेपर उघडून त्याचे मेश शब्द बघा आणि ओळी एकेक करून काढत जा. कुठल्या ओळीनं तो खाल्ला ते कळतं. मी ही तपासणी आधी केली असती, तर गाइडना विचारायची वेळच आली नसती.