स्थळ-पात्र (कादंबरीतील)

कादंबरीतले घर, गल्ली, चाळ किंवा गाव माणसांच्या निर्णयांत, नात्यांत आणि शेवटात हात घालू लागते, तेव्हा त्याचा विचार पात्रासारखा करता येतो. असे स्थळ म्हणजे स्थळ-पात्र. वर्णन किती पानांचे आहे यावर हे ठरत नाही. दहा पाने वर्णन केलेला वाडा नुसता पडदा राहू शकतो आणि चार ओळींत आलेला जिना सबंध कथा वळवू शकतो. प्रश्न एवढाच असतो की, ते स्थळ कथेत काही करते का.

दाटीवाटीने राहणाऱ्या भाडेकरूंची शहरी इमारत हे या प्रकाराचे सर्वांत ठळक रूप आहे. तिचे सविस्तर उदाहरण म्हणून फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांची ‘लासोमॉर’ (1877) ही कादंबरी इथे घेतली आहे.

पूर्वपीठिका : ऑनोरे द बाल्झाक यांच्या ‘पेर गोरिओ’ (1835) या कादंबरीची सुरुवात पॅरिसमधल्या एका खाणावळवजा वसतिगृहाच्या दीर्घ वर्णनाने होते. तिथे कोण कोणत्या मजल्यावर राहतो, यावरून त्याची ऐपत कळते. मुलींपायी पैसा संपत जातो तसतसा म्हातारा गोरिओ वरच्या, स्वस्त मजल्यांवर सरकतो. वसतिगृहाची मालकीण आणि तिची वास्तू एकमेकींना कशा पूरक आहेत, हे एरिख आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’ (1946) या ग्रंथात दाखवले. स्थळाच्या अभ्यासात ते विवेचन आजही आधाराला घेतले जाते. माणूस त्याच्या परिसरातून घडतो, ही धारणा झोला यांनी आपल्या निसर्गवादी कादंबऱ्यांचा पायाच केली. ‘लासोमॉर’ लिहिण्यापूर्वी त्यांनी कामगारवस्तीत फिरून टिपणे काढली आणि रस्त्यांचे नकाशे रेखाटले.

‘लासोमॉर’मधील इमारत : उत्तर पॅरिसमधल्या गूत दॉर नावाच्या रस्त्यावर ही इमारत उभी आहे. रस्त्याच्या बाजूने पाच मजले, आतल्या चौकाभोवती सहा मजले, मोडक्या झडपांच्या खिडक्यांच्या रांगा आणि शेकडो भाडेकरू. तळमजल्यावर एक रंगारी आहे. त्याच्या कारखान्याचे पाणी चौकातून वाहत दिंडी दरवाजातून रस्त्यावर जाते. दारात बोश नावाचे रखवालदार जोडपे बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खबर ठेवते. सहाव्या मजल्यावर लोरियो नवराबायको सोन्याच्या साखळ्या घडवतात आणि सोन्याचा कणही वाया जाऊ देत नाहीत.

कादंबरीची नायिका जेर्व्हेझ ही कपडे धुणारी परीट बाई. पहिला जोडीदार लांतिए तिला दोन मुलांसह टाकून गेलेला आहे. जस्ताचे पत्रे बसवणारा कुपो तिला लग्नाची मागणी घालतो आणि आपल्या बहिणीला, म्हणजे लोरियोच्या बायकोला भेटवायला या इमारतीत घेऊन येतो. त्याआधी एकदा चौकात उभी राहून जेर्व्हेझने वर पाहिले होते, तेव्हा ती इमारत तिला एखाद्या अवाढव्य जिवंत व्यक्तीसारखी भासली होती. लोरियोंकडच्या थंड पाहुणचारानंतर ती खाली उतरते, तेव्हा तीच वास्तू अंगावर येऊन आपल्याला चिरडते आहे असे तिला वाटते. नायिकेचे आणि इमारतीचे नाते असे सुरुवातीलाच जुळते, आणि पुढे ते बदलत जाते. पात्रांमधले नाते बदलते तसेच.

पत्त्यांचा माग : अशा कादंबरीचे विश्लेषण करण्याची सोपी आणि फलदायी रीत म्हणजे मुख्य पात्राचे पत्ते क्रमाने लिहून काढणे. जेर्व्हेझ आधी एका हलक्या हॉटेलातल्या खोलीत राहते. लग्नानंतर जवळच्याच रस्त्यावर छोटे, नीटनेटके घर करते. कुपो छपरावरून पडतो, बरा होतो, पण कामाला पाठ दाखवू लागतो. त्यानंतर लोहार गूजेकडून उसने घेतलेल्या 500 फ्रँकवर ती याच मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर इस्त्रीचे दुकान थाटते. हा तिच्या भरभराटीचा काळ. पुढे दारू, उधारी आणि परत आलेला लांतिए यांनी दुकान बुडते. दुकान विर्जिनीकडे, म्हणजे तिच्या जुन्या वैरिणीकडे जाते, आणि कुपो कुटुंब त्याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, सर्वांत दरिद्री भाडेकरूंच्या कोपऱ्यात जाऊन पडते. शेवटचा पत्ता आहे त्याच मजल्यावरची जिन्याखालची खबदाड.

या यादीतून एक गोष्ट स्पष्ट होते. जेर्व्हेझची परिस्थिती खालावते तशी ती इमारतीत वर चढते. लिफ्ट नसलेल्या त्या काळच्या पॅरिसमध्ये जितका मजला वरचा तितके भाडे कमी असे. कथेची चढउतार लेखकाने इथे भाड्याच्या हिशेबावरच बसवली आहे. त्यासाठी वेगळ्या प्रतीकाची गरज उरत नाही.

जिन्याखालच्या जागेचा मागही असाच काढता येतो. तिथे आधी ब्रू नावाचा थकलेला रंगकामगार राहत असतो. जेर्व्हेझ आपल्या नामदिनाची मोठी मेजवानी देते, तेव्हा पानावर तेरा माणसे बसण्याचा अपशकुन टळावा म्हणून त्याला बोलावते. दुकानाचे दार सताड उघडे ठेवून सगळ्या रस्त्यादेखत हंस कापला जातो. पुढे ब्रू त्या खबदाडीत मरतो आणि तीच जागा जेर्व्हेझच्या वाट्याला येते. ती मरते हेदेखील कोणाला कळत नाही. बोळात दुर्गंधी येऊ लागते, तेव्हा ती दोन दिवसांत दिसलेली नाही याची लोकांना आठवण होते. पाठ टेकायला जरा स्वच्छ जागा, पोटापुरते अन्न आणि मार न खाता जगणे एवढेच मागणे तिने सुरुवातीला कुपोजवळ बोलून दाखवले होते.

इमारत काय करते : स्थळ पात्र आहे की नाही, हे पाहण्याची एक कसोटी म्हणजे तीच माणसे मनातल्या मनात दुसरीकडे नेऊन बसवणे. जेर्व्हेझचे दुकान एकट्या घरात असते, तर कथेतले काय गळले असते? बोश जोडप्याची नजर आणि त्यातून पसरणारी कुजबुज गळली असती. लांतिए तिच्याच घरात राहू लागल्यावर शेजाऱ्यांनी आधी नावे ठेवायची आणि मग ते सहज मान्य करून टाकायचे, हा सगळा प्रवास गळला असता. जानेवारीच्या भाड्याच्या दिवशी घरमालक मारेस्को तगादा लावतो आणि प्रत्येक मजल्यावरून रडण्याचे आवाज जिन्यात मिसळतात, तो प्रसंग तर घडलाच नसता. सहाव्या मजल्यावर पातळ भिंतीपलीकडे बाझूज हा प्रेते उचलणारा माणूस राहतो. एका रात्री जेर्व्हेझ ती भिंत ठोठावून मला घेऊन जा म्हणून विनवते. भिंत पातळ नसती तर मृत्यू इतक्या जवळ, शेजारी म्हणून राहिला नसता. म्हणजे ही इमारत पाहते, ऐकते, बोलणे पसरवते आणि वसुली करते.

पात्र आणि आरसा : प्रत्येक ठसठशीत तपशील हा स्थळाच्या ‘कृती’चा पुरावा मानणे, ही नेहमीची चूक आहे. रंगाऱ्याच्या पाण्याचेच पाहा. पहिल्या भेटीत जेर्व्हेझला ते फिकट गुलाबी दिसते, पुढच्या भेटीत निळे. दुकान घ्यायला जाते तेव्हा ते कोवळे हिरवे असते आणि तिला तो शुभशकुन वाटतो. अखेरीस, बर्फ पडलेल्या रात्री उपाशीपोटी परतताना तिला काळे पाणी ओलांडावे लागते. ते तिच्या विचारांच्याच रंगाचे आहे, असे कादंबरी उघड म्हणते. या पाण्यामुळे कथेत काही घडत नाही. ते नायिकेची मनःस्थिती दाखवते. इथे स्थळ आरसा आहे. भाडे, जिना, भिंत आणि रखवालदार यांतून मात्र ते पात्र म्हणून वावरते. विश्लेषणात हे दोन्ही वेगळे नोंदवावे लागतात.

इमारतीला जिवंत कोण समजते, हेही तपासावे लागते. ती राक्षसी व्यक्तीसारखी भासते ती बव्हंशी जेर्व्हेझला. झोला निवेदकाचे आणि पात्राचे बोलणे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नायिकेची भीती वाचकाला लेखकाचे विधान वाटू शकते.

मर्यादा : स्थळाला पात्र म्हटले की त्यालाच गुन्हेगार ठरवण्याचा मोह होतो. ‘लासोमॉर’ तशी मुभा देत नाही. त्याच सहाव्या मजल्यावर लोरियो पैसा गाठीला बांधतात. तिथेच दारुड्या बिजारची छोटी मुलगी लाली भावंडांना आईसारखी सांभाळते आणि बापाच्या मारहाणीने मरते. छप्पर एक, पण गती तीन. इमारत शक्यता आवळते. त्यांतली कोणती प्रत्यक्षात येईल हे दारू, अपघात, स्वभाव आणि पैसा मिळून ठरवतात. शिवाय इमारतीबाहेरही शहर बदलत असते. 1860 मध्ये पॅरिसची हद्द वाढली, जुनी जकात-भिंत पडली आणि रुंद रस्ते आले. उपाशी जेर्व्हेझ या नव्या झगमगाटातून भटकते, तेव्हा तिची वस्ती आणखीच कोंदट वाटते. फक्त इमारतीकडे पाहणारा अभ्यासक हा संदर्भ हरवून बसतो.

चाळीशी तुलना : मुंबईच्या चाळीला हीच चौकट जशीच्या तशी लावता येत नाही. पॅरिसच्या इमारतीत जिना वर-खाली माणसे वाटतो. चाळीत सामाईक सज्जा त्यांना एका ओळीत, एकमेकांच्या दारासमोर आणून उभा करतो. त्यामुळे चाळीच्या साहित्यात मजल्यापेक्षा नळ, संडासाची रांग, सज्जातली ये-जा आणि सणाची वर्गणी जास्त काम करतात. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ (1958) कादंबरी नाही, तरीही तिचे मुख्य पात्र चाळच आहे. भाडेकरूंचे स्वभाव तिच्या सामाईकपणातून उलगडतात. किरण नगरकर यांच्या ‘रावण अँड एडी’ (1995) या इंग्रजी कादंबरीत माझगावच्या चाळीत हिंदू आणि कॅथलिक कुटुंबे वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. इथे मजला ऐपत सांगत नाही, धर्म सांगतो. सज्जातून खाली पडलेले एक मूल दोन घरांचे आयुष्य कायमचे जोडून टाकते.

म्हणून स्थळ-पात्राचा अभ्यास वर्णनांच्या उताऱ्यांपासून सुरू करू नये. कोण कुठे राहतो, भाडे किती, पाणी कुठून येते, भिंतीपलीकडे कोण आहे आणि दारात कोण बसते, या प्रश्नांपासून सुरुवात करावी. त्यांच्या उत्तरांनी कथानक बदलत नसेल, तर ते स्थळ पार्श्वभूमीच आहे आणि तसेच नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरते.