संधिवाती हृद्रोग : शालेय मुलांतील प्रतिबंध

मालागोलाणूजन्य घसादुखीनंतर उद्भवणाऱ्या संधिज्वरामुळे (पहा : संधिज्वर) हृदयाच्या झडपांना येणारी स्थायी विकृती उपजूच न देण्याची अथवा वाढू न देण्याची व्यवस्था.

हा ज्वर मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या वयात, दाट वस्तीत व एका खोलीत अनेक जण झोपणाऱ्या घरांत आढळतो. म्हणून वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व धूम्रपान यांवरून प्रौढांच्या हृद्रोगाचा संभव वर्तविणारी फ्रॅमिंगहॅम गुणपद्धती (पहा : हृद्रोग, करोनरी) येथे निरुपयोगी ठरते. निदानासाठी १९४४ मध्ये टी. डकेट जोन्स यांनी मांडलेले आणि २०१५ मध्ये सुधारलेले निकष प्रमाण मानतात.

घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन (पहा : प्रतिजैविके) दिल्यास ज्वर बहुधा टळतो, परंतु कित्येक रुग्णांत ती इतकी सौम्य असते की तिची दखलच घेतली जात नाही, आणि प्राथमिक प्रतिबंधाची मर्यादा हीच होय. ज्वर एकदा येऊन गेल्यावर दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीनची सुई टोचतात. उदाहरणार्थ, झडप कायमची बिघडलेल्या, तीस किलो वजनाच्या दहा वर्षांच्या मुलास प्रत्येक वेळी बारा लक्ष एकके देऊन हा क्रम किमान दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांपैकी जे अधिक असेल तितका काळ, चालवावा लागतो. मध्ये पडलेला खंड पुनरावृत्तीस वाट देतो.

भारतात २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीत या रोगाचा समावेश आहे. स्टेथोस्कोपने न कळणारी सौम्य विकृती प्रतिध्वनि-हृदयालेखनाने दिसते.