ॲडिसन यांचा 'खरा केलॉइड'

१८५४ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन यांनी त्वचेवरील एका कठीण, चकचकीत चट्ट्याला 'खरा केलॉइड' म्हटले. नाव दुर्दैवी होते. कारण अलिबेर यांचा केलॉइड म्हणजे व्रणावर फोफावणारी गाठ, आणि हा आजार निराळाच होता. पुढे इरॅस्मस विल्सन यांनी त्याला 'मॉर्फिया' हे जुने नाव दिले.

हा चट्टा बहुधा जखमेवाचूनच धड किंवा हातापायांवर उमटतो. व्रणामागे मात्र जखम असते. गजकर्ण खाजते, त्याच्या कडेला कोंडा सुटतो आणि खरवडीत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. मॉर्फियाची फिकट वा तपकिरी त्वचा चिमटीत येत नाही, तिथले केस गळतात. आजार वाढता असेल, तर कडेला जांभळट छटा दिसते.