पांढऱ्याची कुळकथा

नरखेड तालुक्यातील जुन्या घरांत ओसरीवर टांगलेल्या तसबिरींमध्ये, एका हातात दिवा धरून दुसऱ्या हाताने त्याची ज्योत झाकणाऱ्या स्त्रीची जी छापील प्रतिमा आढळते, तिच्याविषयी विचारल्यास बहुतेक जण ‘रविवर्म्याचे तैलचित्र’ असे निःशंकपणे सांगतात. वस्तुतः ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी आपल्या मुलीला समोर उभे करून 1945-46च्या सुमारास रंगवलेले ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र असून मूळ कृती म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. आणि रविवर्म्याचे निधन तर 1906 सालीच झालेले होते.

या गैरसमजाची एक उपपत्ती अशी, की त्याच राजवाड्यात रविवर्म्याची चित्रेही असल्याने नावांची अदलाबदल झाली. ती मला अपुरी वाटते, कारण ज्यांनी म्हैसूर कधी पाहिले नाही त्यांचीही हीच समजूत आहे. माझे मत असे, की 1894 साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने ‘ओलिओग्राफ’ नावाची जी तैलसदृश छापील चित्रे घरोघर पोहोचविली, त्यांनी आपल्या नजरेला गडद पार्श्वभूमी आणि उजळलेला चेहरा दिसताच ‘तेल’ म्हणण्याचा शिरस्ता लावून दिला. अशा छपाईत कागदावर कॅनव्हासची वीण दाबून उमटविण्याचीही रीत होती. म्हणजे पृष्ठभागाचा पोत हा पुरावादेखील बनावट असू शकतो.

मग छायाचित्रावरून माध्यमाचा तपास करावा तरी कसा? माझ्या मते प्रथम पांढऱ्याची जबानी घ्यावी, कारण प्रत्येक माध्यमाच्या पांढऱ्याचे कुळ वेगळे आहे. शुद्ध जलरंगात पांढरा हा रंगच नसतो. तो राखून ठेवलेला कागद असतो, म्हणून त्याच्याभोवतीची रंगाची कड त्याला वळसा घालून जाते. अपारदर्शक जलरंगात, म्हणजे गुवाशमध्ये, पांढरा वरून चढतो आणि गडद थराला झाकतो. शिशाचा पांढरा, म्हणजे सफेदा, पाण्यातील रंगात मिसळला तर हवेतील गंधकामुळे पुढे काळवंडत असे. 1834 साली लंडनच्या विन्सर अँड न्यूटन यांनी जस्ताचा ‘चायनीज व्हाइट’ विक्रीस आणला आणि ती अडचण सरली. आपल्या लघुचित्रकारांचे डिंकात कालवलेले रंगही गुवाशच्याच घराण्यातले. मात्र कागद उलटा करून अकीकाने घोटण्याच्या त्यांच्या रीतीमुळे पृष्ठास तकाकी येते, म्हणून ‘गुवाश म्हणजे नेहमी मंद’ हा नियम येथे लागू पडत नाही.

तेलातला पांढरा जाड उभा राहतो. बाजूच्या प्रकाशात त्याच्या कडेला बारीक छाया पडते, आणि जुन्या चित्रांत तडेही दिसतात. ॲक्रिलिक हे धाकटे भावंड असून त्याचे पाण्यात मिसळणारे रंग 1950 नंतरच बाजारात रुळले, म्हणून 1946च्या चित्राला ते नाव देणे कालगणनेनेच खोडून निघते. त्याचे थर लवकर वाळतात, म्हणून एकमेकांत न विरघळता स्वच्छ कडांनी एकावर एक बसतात, आणि पृष्ठास बहुधा एकसारखी, किंचित प्लास्टिकसारखी झाक येते.

खरा मनोरंजक विरोध जलरंग आणि पेस्टल यांच्यात आहे. खरखरीत कागदावर जलरंगाचे जड कण पाण्याबरोबर खळग्यांत उतरून बसतात. पेस्टलची कोरडी कांडी मात्र उंचवट्यांनाच घासून जाते आणि खळगे उघडे ठेवते. तीच रवाळ छटा, पण एकीत दाणे खोलात, दुसरीत माथ्यावर.

आता हळदणकरांच्या चित्राकडे वळू. प्रकाश जिथून येतो ती ज्योत बोटांआड असून उजेड बोटांतून तांबूस झिरपतो आणि मागच्या भिंतीवर मोठी सावली पडते. हे सारे तेलात साधायचे तर गडद थरावर उजळ थर चढवता आला असता. जलरंगात उलट, उजेडाची जागा आधी राखून अंधार भोवती चढवीत न्यावा लागतो, आणि एकदा पसरलेला काळोख पुसून पुन्हा कागद मिळवणे दुष्कर. म्हणूनच मोठ्या आकाराची चांगली प्रत पाहताना मी बोटांच्या कडा आणि चेहऱ्यावरील सर्वांत उजळ भाग तपासतो: तिथे उंचावलेला लेप व त्याची छाया दिसत नसेल, आणि कड पातळ धुलाईने थांबलेली असेल, तर तेलाचा दावा फेटाळण्यास पुरेसा आधार मिळतो.

मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. काचेआडून वा समोरून चमक पाडून घेतलेले छायाचित्र पोत गिळून टाकते. पुष्कळ पाणी घातलेले ॲक्रिलिक जलरंगासारखे, तर मंद ॲक्रिलिक गुवाशसारखे दिसते, आणि त्यांचा भेद केवळ छायाचित्रावरून करणे धोक्याचे आहे. म्हणून कोणी चित्राचे माध्यम विचारले, तर आधी काच काढून, एका बाजूने तिरपा उजेड टाकून, सर्वांत उजळ जागेचे आणि कागदाच्या कडेचे जवळून छायाचित्र मागवावे. तेही मिळाले नाही, तर ‘जलरंग किंवा तत्सम’ एवढेच म्हणून थांबावे.