सहानुभूतीचा खलनायक

गुन्हा करणाऱ्या पात्राकडे वाचक ओढला जातो, तेव्हा साहित्यकृती कायद्यापेक्षा कोणते मूल्य वरचे मानते हे कळते.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचा नायक सरकारच्या लेखी दरोडेखोर आहे. दुष्काळात माणसे मरू लागल्यावर तो धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिनाही लुटतो. इथे क्रम महत्त्वाचा: वाचकाला भूक आधी दिसते, लूट नंतर. शेवटी सरकारने अडकवून ठेवलेल्या आपल्या माणसांसाठी तो स्वतःहून हजर होतो. नुसते शौर्य वाचकाला इतके बांधून ठेवू शकले नसते. कादंबरीत जबाबदारी मालमत्तेहून मोठी ठरते.

या ओढीला इतिहासाचा आधार आहे. १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. सोलापुरातल्या सेटलमेंटमध्ये अशी कुटुंबे तारेच्या कुंपणात राहिली. 

विजय तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) मात्र वेगळा. टाकलेल्या बायकांना घरात आणणाऱ्या सखारामचा रोखठोकपणा प्रेक्षकाला आवडू लागतो, पण त्याची मारहाण नाटक लपवत नाही. अखेरीस तो घरात आणलेल्या चंपाचा गळा दाबतो, आणि त्या रोखठोकपणाची भूल कुणाच्या जिवावर पोसली गेली हे प्रेक्षकाला पाहावे लागते.