बिलातली एक ओळ: पॉवर फॅक्टरच्या दंडाची गोष्ट

मंडळी, या वीकेंडला कोडबिड काही नाही. आज विजेच्या बिलावर लिहितोय.

हिमायतनगरला माझ्या मामांची छोटी डाळमिल आहे. हिमायतनगर म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेवरचं गाव. जुनं नाव वाढोणा. परमेश्वराचं देऊळ प्रसिद्ध आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. मिल चालते ती तूर आली की, म्हणजे जानेवारीपासून चार-पाच महिने. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास मशीनवर धूळ बसलेली असते.

तर 2018 च्या दिवाळीत गेलो तेव्हा मामांनी बिल हातात ठेवलं. "तू इंजिनियर ना? मग सांग, मिल बंद असताना हा दंड कशाचा?" मी सॉफ्टवेअरवाला, पण मामांना तो फरक मान्य नाही. बिलात पॉवर फॅक्टरचा दंड होता. रक्कम मोठी नव्हती, पण आधीच्या सीझनमध्ये त्याच ओळीत चक्क सूट मिळालेली! वायरिंग तेच, कपॅसिटर तेच. मग बदललं काय? हे शोधता शोधता एक छान इतिहास हाती लागला.

आधी पॉवर फॅक्टर म्हणजे काय ते बघू. आपल्याकडच्या गिरण्यांत, मिलमध्ये असते ती इंडक्शन मोटर. तिला फिरायला आतमध्ये चुंबकीय क्षेत्र उभं करावं लागतं. त्यासाठी ती तारेतून थोडी ऊर्जा घेते आणि लगेच परत करते. हा व्यवहार सेकंदाला शंभरदा चालतो. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणायची आणि संध्याकाळी तेवढीच परत द्यायची, तसलाच प्रकार. साखर खर्च होत नाही, पण हेलपाटे होतातच. 1890 च्या दशकात एसी वीज नवी होती, तेव्हा इंजिनियर या प्रवाहाला 'वॉटलेस करंट' म्हणत. तारेत करंट दिसतो, पण काम शून्य.

घरगुती मीटर फक्त खर्च झालेली साखर मोजतो, म्हणजे kWh. हेलपाट्यांसकट सगळी वाहतूक मोजली की होतो kVAh. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की पॉवर फॅक्टर. एक आला तर उत्तम.

मामांच्या मिलचं उदाहरण सोप्या आकड्यांत घेऊ. 30, 20 आणि 15 एचपीच्या तीन मोटरी. सगळ्या चालू असताना खरी ओढ समजा 36 किलोवॉट आणि उसनवारी 27 kVAR. दोन्हींचा त्रिकोण मांडला, वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, की 45 kVA येतात. म्हणजे पॉवर फॅक्टर 0.80. 415 व्होल्टवर तारेत जवळजवळ 63 अँपिअर वाहतात.

आता मोटरीशेजारी कपॅसिटर बसवा. त्याची सवय बरोब्बर उलटी. मोटर ज्या क्षणी उसनं मागते त्याच क्षणी तो देतो, आणि ती परत करते तेव्हा घेतो. शेजारीण घरातच राहायला आली! 20 kVAR चा कपॅसिटर लावला की बाहेरून आणायचे उरतात फक्त 7. एकूण 36.7 kVA, पॉवर फॅक्टर 0.98 आणि करंट 51 अँपिअर. तारेत जळणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे 63 चे 51 झाले की लाइनमधला तेवढा तोटा एक तृतीयांशाने उतरतो. मोटर मात्र पूर्वीइतकंच काम करते.

वीज देणाऱ्याला या हेलपाट्यांचा राग का, हे यातून कळतं. तार, ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन हे सगळं त्याला 45 kVA साठी उभारावं लागतं आणि पैसे मिळतात 36 चे. त्यात आमच्याकडे लाइनी लांब. शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं ते वेगळंच.

मराठवाडा 1956 साली मुंबई राज्यात आला. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य वीज मंडळही. 2005 मध्ये मंडळाचे तुकडे होऊन वितरण महावितरणकडे गेलं. त्याआधीच, 1999 पासून, दर ठरवायला वीज नियामक आयोग आला होता. त्या काळाच्या दरपत्रकात पॉवर फॅक्टरचा हिशोब असा: 0.90 च्या खाली गेलात की दंड, आणि पुढच्या प्रत्येक शतांशाला साधारण एक टक्का वाढ. म्हणजे 0.80 वाल्याला दहा टक्क्यांच्या वर. उलट 0.95 ओलांडलंत की सूट, आणि थेट 1 गाठलात तर बिलावर सात टक्के!

सात टक्के म्हणजे छोट्या मिलला चैनच. सगळ्यांनी कपॅसिटर बँका बसवल्या. आणि बहुतेकांनी मामांसारखीच बसवली: मेन स्विचपाशी, कायमची चालू. मिल चालू असो की बंद, कपॅसिटर आपला गुणगुणतोय.

इथे माझ्या आवडीचा भाग येतो :-)

मोटर बंद झाल्यावर कपॅसिटर कुणाला उसनं देणार? मग तो स्वतःच उठून बाहेर व्यवहार करायला जातो, उलट्या दिशेने. याला 'लीड' म्हणतात, मोटरीच्या उसनवारीला 'लॅग'. तारेला दोन्ही सारखेच, करंट तर वाहतोच. वर रात्री गावाचा लोड कमी असताना अशा शेकडो कपॅसिटरमुळे लाइनचं व्होल्टेज फुगतं. पण मीटरला हे दिसत नसे. जुन्या चकतीच्या मीटरमध्ये चकती उलटी फिरू नये म्हणून अडसर असायचा. इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा तोच अडसर सॉफ्टवेअरमध्ये उतरला. सेटिंगचं नाव 'लॅग ओन्ली': लीड आला तर शून्य धरा. आपल्या धंद्यात नाही का, जुन्या सिस्टिमची मर्यादा नव्या सिस्टिममध्ये 'फीचर' म्हणून राहते? अगदी तस्सं.

सप्टेंबर 2018 मध्ये आयोगाचा नवा आदेश आला आणि सूत्र असं झालं:

```
kVAh = sqrt(kWh^2 + (RkVAh_lag + RkVAh_lead)^2)
PF   = kWh / kVAh
```

बदल तो एका अधिक चिन्हाचा. लॅगमध्ये लीड मिळवा. सोबत सुटीची कमाल सातवरून साडेतीन टक्क्यांवर आली.

आता मामांचं बिल मांडून बघा. सीझनचा महिना, रोज 8 तास, 25 दिवस, म्हणजे 200 तास मिल चालली. उरलेले 520 तास बंद, फक्त दिवे आणि वॉचमनचा पंखा, अर्धा किलोवॉट धरा. खरी युनिटं 7,460. लॅग 7 गुणिले 200, म्हणजे 1,400. लीड 20 गुणिले 520, म्हणजे 10,400. जुन्या नियमाने लीड शून्य, पॉवर फॅक्टर 0.98, वर सूट. नव्या नियमाने लॅग-लीड मिळून 11,800, आणि पॉवर फॅक्टर 0.53! दिवाळीच्या महिन्यात तर मिल पूर्ण बंद. 360 युनिटं आणि 14,400 लीड. पॉवर फॅक्टर 0.03 च्याही खाली.

म्हणजे दंड ज्याच्यासाठी लागला तो दोष नव्हताच, तो दंड टाळायचा उपाय होता.

मामांना हे पटवायला वेळ लागला. "अरे, कपॅसिटर काढला तर सीझनला दंड, ठेवला तर आता दंड. माणसानं करावं काय?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं की कपॅसिटर मोटरीबरोबर चालू आणि मोटरीबरोबर बंद झाला पाहिजे. तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनने मेनवरची बँक काढली आणि प्रत्येक मोटरीच्या स्टार्टरच्या पुढे, मोटरीच्या बाजूला, वेगळा कपॅसिटर जोडला: 30 एचपीला 10, वीसला 7.5, पंधराला 5. बेरीज 22.5 होते, 20 नाही. कारण कपॅसिटरवर लिहिलेला आकडा 440 व्होल्टचा असतो. त्याची क्षमता व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून 415 वर 22.5 चे 20 उरतात. संध्याकाळी व्होल्टेज 380 ला आलं तर जेमतेम 17.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. मोटरीला रिकामी फिरताना लागतं त्याहून मोठा कपॅसिटर तिच्या टोकाला लावायचा नाही. नाहीतर सप्लाय गेल्यावर फिरती मोटर त्या कपॅसिटरच्या जोरावर स्वतःच वीज बनवू लागते आणि व्होल्टेज भलतंच चढतं. मोटरी जास्त असतील, लोड सारखा बदलत असेल, तर ऑटोमॅटिक पॅनेल बरं. त्यातला रिले लोड बघून पायरीपायरीने कपॅसिटर जोडतो-तोडतो. तीन मोटरींच्या मिलला त्याची गरज नव्हती.

आणि बरं झालं तेव्हाच केलं. एप्रिल 2020 पासून आयोगाने 20 किलोवॉटच्या वरच्या छोट्या कारखान्यांनाही थेट kVAh वर बिल लावलं. वेगळा दंड नाही, वेगळी सूट नाही. बिलातली ती ओळच गेली! मामा खूश: "चला, दंड बंद झाला." मी म्हटलं, "मामा, दंड गेला नाही, युनिटमध्ये मुरला." कपॅसिटर नसता तर सीझनला 7,200 खऱ्या युनिटांमागे 9,000 मोजली गेली असती. आणि जुनी बँक मेनवर तशीच राहिली असती तर बंद मिलच्या महिन्यात 360 च्या जागी 14,400. पूर्वी छोट्या बिलावर काही टक्के दंड लागायचा, आता बिलच चाळीसपट झालं असतं.

आधी ओळ दिसायची, म्हणून प्रश्न तरी पडायचा. आता तो आपणच काढायचा. मामांना दोन सवयी लावून दिल्यात. दर बिलात kWh ला kVAh ने भागायचं, 0.95 च्या खाली आलं की मीटरवर लॅग आणि लीडची रीडिंग वेगवेगळी बघायची. लॅग वाढला असेल तर एखादा कपॅसिटर मेलाय. लीड वाढला असेल तर एखादा मोटरीमागे चिकटून चालू राहिलाय. आणि सीझनच्या सुरुवातीला क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक कपॅसिटरच्या तिन्ही तारा तपासायच्या. 5 चा असेल तर 415 व्होल्टवर प्रत्येक तारेत सव्वासहा अँपिअरच्या आसपास हवेत. एका तारेत कमी दिसले की तो बदलायचा. बाहेरून डबा धडधाकट दिसतो, त्यावर जायचं नाही.

गेल्या सीझनला मामांनी फोनवर स्वतःच सांगितलं, "पंधरावाल्याची एक तार चारच दाखवतेय, बदलून घेतला." आता मला कुणी इंजिनियर म्हणत नाही :-)

असो. तूर्तास इतकंच.