प्वासाँ वितरण (दूरध्वनी)
परस्परांशी संबंध नसलेले कॉल स्थिर सरासरी दराने येत असतील, तर तासात नेमके k कॉल येण्याची संभाव्यता P(k) = e^(−λ) λ^k / k! असते, येथे λ म्हणजे तासाची सरासरी. ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या दूरध्वनी वाहतुकीला हे वितरण लागू केले. बंगळूरूतील एखाद्या वीज-तक्रार कक्षासाठी λ = ४ मानल्यास नेमके चार कॉल येण्याची संभाव्यता ०.१९५, तर आठ किंवा अधिक येण्याची ०.०५१ निघते. म्हणजे सरासरीच्या दुप्पट गर्दी सुमारे वीस तासांतून एकदा निव्वळ योगायोगानेही होते.

दर स्थिर नसतो, हा आक्षेप रास्त आहे. वळवाच्या पावसात वीज गेली की एकाच कारणाने कॉल उसळतात. तेव्हा तासागणिक संख्यांचे प्रचरण सरासरीहून बरेच मोठे येते. दोन्ही जवळपास सारखी नसतील, तर प्रत्येक कालखंडाचा λ वेगळा घ्यावा.